सौर वीज खरेदी कराराचे भाषांतर (सोलापूर)

सौर वीज खरेदी कराराचे भाषांतर : सौर प्रकल्पाचा विकासक आणि वीज घेणारा कारखाना यांच्यातील दीर्घ मुदतीच्या इंग्रजी कराराचे मराठी रूपांतर. कराराची मुदत बहुधा १५ ते २५ वर्षे असते व व्यवहारात त्याला ‘पीपीए’ म्हणतात. सोलापुरात अक्कलकोट रस्ता आणि चिंचोळी येथील औद्योगिक वसाहतींतील यंत्रमाग व टॉवेल कारखाने, तसेच जिल्ह्यातील सहकारी साखर कारखाने यांना असे भाषांतर लागते. करार सही करण्यापूर्वी तो भागीदार कुटुंबाला किंवा संचालक मंडळाला समजणे आवश्यक असते. बहुतेक करारांत इंग्रजी प्रत अंतिम मानावी असे कलम असते. म्हणून मराठी प्रत माहितीपुरती ठरते. तरी निर्णय तिच्यावरूनच घेतला जात असल्याने तिच्यातील चूक पुढे पैशात मोजावी लागते.

दरवाढ. ‘दर वर्षी ३ टक्के वाढ’ एवढेच मराठीत उतरवले तर अर्थ अपुरा राहतो. वाढ पहिल्या वर्षाच्या दरावर की आदल्या वर्षाच्या दरावर, हे सांगावे लागते. पहिल्या वर्षी युनिटला ४ रुपये दर धरल्यास सरळ वाढीने २५व्या वर्षी तो ६.८८ रुपये होतो, चक्रवाढीने ८.१३ रुपये. इंग्रजी मसुद्यात चक्रवाढ हा शब्द क्वचितच असतो. ‘आदल्या करारवर्षी लागू असलेल्या दरावर’ अशा वाक्यांशातून ती समजते, आणि घाईत नेमका तोच वाक्यांश गळतो.

‘करारवर्ष’ म्हणजेही नेहमी बारा महिने नव्हेत. भारतीय सौर ऊर्जा महामंडळाच्या (सेकी) धर्तीवरील करारांत पहिले करारवर्ष लगतच्या ३१ मार्चला संपते आणि पुढील वर्षे एप्रिल ते मार्च अशी चालतात. हीच व्याख्या घेऊन वीज १ जानेवारीपासून मोजू लागली, तर पहिली दरवाढ तीन महिन्यांतच लागू होऊ शकते. ‘पहिले वर्ष’ असे भाषांतर वाचणारा पुढचा जानेवारी धरून बसतो.

मानीव निर्मिती. प्रकल्प वीज देण्यास तयार असूनही ती घेतली गेली नाही, तर ती निर्माण झाली असे मानून तिचे पैसे देण्याची ही तरतूद. तिच्या उगमाविषयी मतभिन्नता आहे. एका मतानुसार ती इंधनवायूच्या ‘घ्या किंवा पैसे द्या’ पद्धतीच्या करारांतून आली. दुसऱ्या मतानुसार तिचे मूळ खाजगी औष्णिक व जलविद्युत प्रकल्पांसाठी आखलेल्या वीजदराच्या नियमांत आहे. यासंदर्भात केंद्राच्या १९९२ मधील वीजदर अधिसूचनेचा उल्लेख केला जातो. भारतीय करारांतील शब्दरचना पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण तेथेही प्रश्न भार कमी करण्याच्या आदेशामुळे थांबलेल्या संचाचाच होता. सौर प्रकल्पात फरक एवढाच, की न वापरलेले ऊन कोळशासारखे शिल्लक राहत नाही. त्यामुळे विकासक या कलमावर अडून बसतो.

मराठीत ‘अंदाजित निर्मिती’, ‘गृहीत निर्मिती’ आणि ‘मानीव निर्मिती’ हे तीन पर्याय आढळतात. गृहनिर्माण संस्थांच्या ‘मानीव अभिहस्तांतरणा’मुळे तिसरा पर्याय महाराष्ट्रातील वाचकाला ओळखीचा आहे व तोच योग्य दिसतो. ‘अंदाजित’ म्हटले की पुढे खरा आकडा येऊन हिशेब दुरुस्त होईल, असे वाचकाला वाटते. येथे सूत्राने आलेला आकडा हाच बिलाचा आकडा असतो.

खरी अडचण सूत्राची आहे. सूत्र सामान्यतः असे : ताशी सरासरी निर्मिती गुणिले बंद तास. उदाहरणादाखल टॉवेल कारखान्याचा १ मेगावॉटचा प्रकल्प घेऊ. किलोवॉटला रोज सुमारे ४ युनिट धरल्यास वर्षाला १४.६ लाख युनिट होतात. कारखान्याचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि प्रकल्प दहा दिवस, सकाळी ८ ते संध्याकाळी ६ या वेळेत, म्हणजे १०० तास बंद राहिला. वर्षाच्या ८,७६० तासांनी भागले तर ताशी सरासरी सुमारे १६७ युनिट येते आणि ४ रुपये दराने बिल सुमारे ६६,७०० रुपयांचे होते. रोजचे ८ ते ६ हेच दहा तास धरले तर भाजक ३,६५० होतो, सरासरी ४०० युनिट येते आणि बिल १,६०,००० रुपयांवर जाते. सेकीच्या नमुना करारांत वीजजाळे बंद असल्याचे तास मोजताना ८ ते ६ ही वेळ दिलेली असते. खाजगी मसुद्यांत ती अनेकदा व्याख्यांच्या प्रकरणात दडलेली असते, आणि कलमापुरते भाषांतर करणाऱ्याच्या नजरेतून निसटते. सरासरी वर्षाची की त्या महिन्याची, हेही पाहावे लागते : जुलैतल्या ढगाळ दिवसांसाठी वर्षाची सरासरी लावली तर कारखाना जास्त पैसे देतो.

दुसरी खाच कारणाच्या शब्दांत आहे. ‘खरेदीदाराच्या कारणामुळे’ आणि ‘विक्रेत्याकडे बोट न दाखवता येणाऱ्या कारणामुळे’ हे दोन वाक्यांश भाषांतरात सहज एक होतात. जाळ्याला जोडलेला साधा इन्व्हर्टर महावितरणचा पुरवठा गेला की सुरक्षिततेसाठी आपोआप बंद पडतो, मग छतावर लख्ख ऊन असले तरी. अशा खंडिततेत दोष ना कारखान्याचा, ना विकासकाचा. पहिल्या शब्दांत ते नुकसान विकासक सोसतो, दुसऱ्या शब्दांत कारखाना. दुसरा वाक्यांश उलट्या नकारात लिहिलेला असतो. तो सरळ करताना ‘महावितरणचा पुरवठा बंद असल्यासही’ असे उघड शब्द घालणे न्याय्य ठरते, अर्थात अपवादांच्या यादीत जाळ्याचा बिघाड नाही याची खात्री करूनच. सेकीच्या अनेक करारांत वर्षाकाठी १७५ तासांपर्यंतची जाळ्याची अनुपलब्धता विकासकाला भरपाईविना सोसावी लागते. अशी सूट खाजगी करारात आपोआप लागू होत नाही, ती लिहिलेली असावी लागते.

भाषांतर तपासण्याची खात्रीशीर रीत म्हणजे केवळ मराठी मजकूर हाती देऊन वरीलसारखे बिल दुसऱ्याकडून काढून घेणे. इंग्रजीवरून काढलेल्या बिलाशी रक्कम जुळली नाही, तर चूक व्याख्येत शोधावी.

करारसमाप्तीची रक्कम. करार मुदतीपूर्वी संपल्यास द्यावयाची ही रक्कम खाजगी करारांत वर्षागणिक कमी होणाऱ्या तक्त्यात असते. तिला ‘दंड’ म्हणू नये. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात नमूद रक्कम ही कमाल मर्यादा ठरते व न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाई देते. मात्र तक्त्यातील रक्कम प्रकल्प विकत घेण्याची किंमत असेल तर तो प्रश्न वेगळा होतो. म्हणून पैसे दिल्यावर पॅनेल कोणाच्या मालकीचे होतात, हे वाक्य शब्दशः आणावे. तक्त्यातील वर्ष नोटिशीच्या तारखेने ठरते, कसूर दुरुस्त करण्याची मुदत संपल्यावर की पैसे भरल्याच्या दिवशी, यावरही एक पूर्ण ओळ वर-खाली होते. ‘सहा महिन्यांचे किंवा उरलेल्या मुदतीचे शुल्क, यांपैकी कमी असेल ते’ यातील शेवटचे शब्द गाळले, तर चार महिने उरलेल्या करारासाठी सहा महिन्यांचे पैसे मागता येतात, असा वाचकाचा समज होतो.