रक्त आलं तर सुई बरोबर: हिमॅटोमा ब्लॉकची पार्श्वभूमी

लोकल भूल देताना औषध सोडण्याआधी सिरिंजचा दट्ट्या मागे ओढायचा आणि रक्त आलं तर सुईची जागा बदलायची, हा नियम इंटर्नना अगदी सुरुवातीलाच शिकवतात. हिमॅटोमा ब्लॉकमध्ये, म्हणजे मोडलेल्या हाडाभोवती साठलेल्या रक्तातच भूल टोचण्याच्या पद्धतीत, हाच नियम उलटा होतो. मोडलेल्या हाडाच्या फटीत सुई गेली की काळपट रक्त सिरिंजमध्ये येतं, आणि ते आलं की औषध सोडायचं. इथे हे कसं चालतं आणि कुठपर्यंत चालतं, हे समजायला या पद्धतीचा इतिहास माहीत असलेला बरा. आज या ब्लॉकबरोबर ज्या तपासण्या सांगितल्या जातात, त्यांतल्या बऱ्याचशा कुठल्यातरी त्रासातून किंवा मृत्यूतून आलेल्या आहेत.

या ब्लॉकचं नेहमीचं क्षेत्र म्हणजे मनगटाजवळ मोडलेलं रेडियस, म्हणजे कॉलीस फ्रॅक्चर. डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलीस यांनी १८१४ साली त्याचं वर्णन केलं. तेव्हा क्ष-किरण नव्हते, ते आले १८९५ मध्ये. भूलही नव्हती, ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक व्हायला १८४६ उजाडावं लागलं. म्हणजे कॉलीसच्या काळात हाड बसवायचं ते हाताच्या अंदाजाने आणि रुग्ण ओरडत असताना. पुढे ईथर आणि क्लोरोफॉर्म मिळाले, पण मनगट ओढायला लागणाऱ्या दोन-चार मिनिटांसाठी म्हाताऱ्या माणसाला पूर्ण बेशुद्ध करायचं, तेही कदाचित पोट भरलेलं असताना, हा सौदा डॉक्टरांना कायमच महाग वाटत आला. आजही वाटतो.

वाट उघडली ती १८८४ मध्ये. व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करता येतो हे दाखवलं. बातमी अमेरिकेत पोहोचली आणि न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड यांनी तेच कोकेन थेट नसांभोवती टोचायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी, १८८५ मध्ये, कॉनवे यांनी फ्रॅक्चरच्या जागी कोकेन टोचून हाड बसवल्याचं न्यूयॉर्कच्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. म्हणजे नर्व्ह ब्लॉक आणि हिमॅटोमा ब्लॉक ही जवळजवळ जुळी भावंडं आहेत. पण औषध घातक होतं. स्वतःवर प्रयोग करता करता हॉल्स्टेड यांना कोकेनचं व्यसन लागलं, आणि जगभरात कोकेनच्या इंजेक्शनांनी माणसं दगावली. कल्पना चांगली असूनही ती वीस वर्षं मागे पडली याचं कारण हेच.

१९०५ मध्ये हाइनरिश ब्राउन यांनी प्रोकेन, म्हणजे नोव्होकेन, वापरात आणलं आणि चित्र बदललं. हिमॅटोमा ब्लॉक रोजच्या कामात रुजवण्याचं श्रेय मात्र लोरेंझ ब्योलर यांचं. १९२५ मध्ये त्यांनी व्हिएन्नात कामगारांसाठी अपघात रुग्णालय सुरू केलं. फ्रॅक्चरच्या उपचारांवरचं त्यांचं पुस्तक १९२९ साली निघालं आणि पुढे अनेक भाषांत गेलं. दुखणं आधी घालवा, मग हाड ओढा, मग प्लास्टर घाला आणि बोटं हलवत ठेवा, हा त्यांचा क्रम आपल्याकडच्या ऑर्थोपेडिक्सच्या हातातही उतरलेला दिसतो.

हाडाच्या आतल्या भागापेक्षा त्यावरचं आवरण, म्हणजे पेरिऑस्टियम, जास्त दुखतं, कारण संवेदना नेणारे तंतू तिथे दाट असतात. मोडल्यावर हाडातून आलेलं रक्त याच आवरणाखाली आणि फटीत साठतं. त्या साठ्यात औषध सोडलं की ते फटीभर पसरतं आणि दोन्ही तुकड्यांच्या कडांवरचे तंतू बधिर करतं. मनगटात सुई मागच्या बाजूने, म्हणजे हाताच्या पाठीकडून घालतात. तिथे कातडी पातळ, हाड लगेच बोटाला लागतं, आणि मीडियन नर्व्ह व रेडियल धमनी दोन्ही पुढच्या बाजूला राहतात. कॉलीस फ्रॅक्चरमध्ये पंजाकडचा तुकडा मागे सरकलेला असल्यामुळे बोटाला पायरी लागते. पायरीच्या किंचित वर, कोपराच्या बाजूला, सुई टोचून ती पंजाकडे तिरकी उतरवायची. हाड लागलं की टोक थोडं थोडं सरकवत फट शोधायची. टोक फटीत घसरलं की हाताला कळतं, आणि दट्ट्या ओढल्यावर आलेलं रक्त त्यावर शिक्का मारतं. अल्नाचं टोकही मोडलं असेल तर तिथे थोडं औषध वेगळं द्यावं लागतं. ते विसरलं तर रेडियस बधिर होऊनही रुग्ण करंगळीच्या बाजूला कळवळतो, आणि ब्लॉक ‘फेल’ गेला असं उगाच म्हटलं जातं.

आता त्या उलट्या नियमाची दुसरी बाजू. ज्या फटीतून रक्त आलं ती हाडाच्या मगजाशी जोडलेली असते, आणि मगजातून औषध शिरांमध्ये लवकर जाऊ शकतं. नेहमीच्या ब्लॉकमध्ये रक्त न येणं हा एक दिलासा असतो. तो इथे मिळतच नाही. म्हणून इथली सुरक्षितता दोन गोष्टींवर उभी आहे: एकूण मात्रा आणि सोडण्याचा वेग.

मात्रेचं गणित लिग्नोकेनमुळे सोपं झालं. स्वीडनमध्ये लोफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी १९४३ मध्ये ते बनवलं, १९४८ पासून ते झायलोकेन या नावाने विकलं जाऊ लागलं, आणि कॅज्युअल्टीत आजही तेच नाव चालतं. साध्या, अ‍ॅड्रेनलिन नसलेल्या लिग्नोकेनची वरची मर्यादा काही पुस्तकं किलोला ४.५ मिलिग्रॅम देतात, काही ३. हिमॅटोमा ब्लॉकसाठी ३ धरणंच शहाणपणाचं. बाथरूममध्ये घसरून हातावर पडलेल्या, ५० किलो वजनाच्या सत्तरीतल्या आजींचं उदाहरण घेऊ. त्यांच्यासाठी मर्यादा झाली १५० मिलिग्रॅम. १ टक्का औषधात दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असतात, म्हणजे १५ मिलिलिटर. रेडियसच्या फटीत १० आणि अल्नाजवळ ३ दिले तर १३० मिलिग्रॅम झाले, मर्यादेच्या आत. पण आपल्याकडे ट्रॉलीत सहसा २ टक्क्यांची बाटली असते. तीच १ टक्क्याची समजून तेवढेच १३ मिलिलिटर ओढले तर २६० मिलिग्रॅम जातात, म्हणजे किलोला ५ च्या वर. उपाय साधा आहे. २ टक्क्यांचं औषध तेवढ्याच नॉर्मल सलाइनमध्ये मिसळून १ टक्क्याचं करायचं, आणि लेबल मोठ्याने वाचून दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यायचं. अ‍ॅड्रेनलिन मिसळलेली बाटली दिसायला जवळपास सारखी असते, ती या कामाला नको. औषध हळूहळू, मध्ये थांबत सोडायचं आणि मग दहा ते पंधरा मिनिटं थांबायचं. पुष्कळ ब्लॉक औषध कमी पडल्याने नव्हे, तर एवढी वाट न पाहिल्याने फसतात.

काही ठिकाणी हा ब्लॉक देऊच नये. फ्रॅक्चर उघडं असेल किंवा सुईच्या जागची कातडी संसर्गाने लाल झाली असेल, तर सुई बाहेरचे जंतू थेट हाडात नेईल. दिवसभराहून जुन्या फ्रॅक्चरमध्ये रक्त गोठलेलं असतं आणि औषध पसरत नाही. बोटांत मुंग्या येत असतील तर ते सुईआधी तपासून कागदावर लिहायचं. नाहीतर नंतर मीडियन नर्व्हवरचा दाब मुळात होता, सुजेने वाढला, की आत सोडलेल्या औषधाने, हे सांगता येत नाही. मुख्य मर्यादा ही की दुखणं कमी झालं तरी स्नायू सैल पडत नाहीत. धडधाकट तरुणाचं मनगट ओढताना ते जाणवतं.

इथे बायर ब्लॉकची गोष्ट येते. १९०८ मध्ये बर्लिनच्या ऑगस्ट बायर यांनी हाताचं रक्त पट्टीने वर सारून, वर-खाली आवळून, मधल्या शिरेत प्रोकेन सोडलं. पुढे ती पद्धत मागे पडली. १९६३ मध्ये होम्स यांनी लिग्नोकेन वापरून ती पुन्हा आणली. भूल चांगली लागते आणि स्नायूही सैल पडतात. कॉक्रेनच्या आढाव्यातही हिमॅटोमा ब्लॉकच्या तुलनेत तिने दुखणं जास्त कमी होतं आणि हाड सोपं बसतं असा कल दिसला. पण सगळी भिस्त दंडावर आवळलेल्या कफवर. १९८० च्या सुमारास ब्रिटनमध्ये कॅज्युअल्टीतल्या बायर ब्लॉकनंतर मृत्यू झाले. औषध होतं ब्युपिव्हॅकेन, जे हृदयाला चिकटून बसतं आणि सहज सोडत नाही. तेव्हापासून या कामाला ब्युपिव्हॅकेन वर्ज्य झालं. काम पाच मिनिटांत उरकलं तरी निदान वीस मिनिटं कफ सोडायचा नाही, हा नियम औषधाला ऊतींत मुरायला वेळ मिळावा म्हणून आहे.

मोठ्या नसांच्या ब्लॉकचा इतिहास वेगळ्या भीतीने भरलेला आहे. १९११ मध्ये हिर्शेल यांनी काखेतून, तर कुलेनकाम्फ यांनी कॉलरबोनच्या वरून संपूर्ण हात बधिर केला. कुलेनकाम्फ यांनी तो प्रयोग आधी स्वतःवर केला होता. कॉलरबोनच्या वर ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताच्या नसांचं जाळं, एकत्र आलेलं असतं, म्हणून ब्लॉक छान लागतो. पण फुप्फुसाचं टोक तिथून जेमतेम बोटभर अंतरावर असतं, आणि आंधळ्या सुईने ते फुटायचं. त्यामुळे कॅज्युअल्टीत हा ब्लॉक बराच काळ परका राहिला. १९७८ मध्ये ला ग्रांज यांनी डॉप्लरने धमनी शोधून सुई घातली, आणि १९९४ मध्ये व्हिएन्नाच्या काप्रल यांनी अल्ट्रासाउंडवर नसा आणि सुई दोन्ही पाहत हाच ब्लॉक दिला. मांडीचं हाड किंवा खुबा मोडलेल्यांसाठीचा फॅशिया इलियाका ब्लॉक फ्रान्सच्या डॅलेन्स यांनी १९८९ मध्ये लहान मुलांसाठी मांडला होता. आता तो बहुतेक आजी-आजोबांना मिळतो. त्यात औषध नसेजवळ नेमकं सोडायचं नसतं, स्नायूवरच्या पडद्याखाली जास्त प्रमाणात पसरवायचं असतं. ०.२५ टक्के ब्युपिव्हॅकेन ३० मिलिलिटर म्हणजे ७५ मिलिग्रॅम. किलोला २ मिलिग्रॅम धरले तर ५० किलोच्या माणसाला हे चालतं, ४० किलोच्या माणसाला मर्यादेला टेकतं. आधी कुणी लोकल दिली असेल तर तीही याच हिशेबात धरायची.

ब्लॉक भलत्याच बाजूला देण्याच्या चुका इतक्या झाल्या की ब्रिटनमध्ये २०१० नंतर सुई टोचण्याच्या आधीच्या क्षणी थांबून बाजू पुन्हा तपासण्याची मोहीमच चालवावी लागली. मनगट वाकडं दिसतं, त्यामुळे तिथे हे घडणं अवघड. खुब्यात, चादरीखाली, सहज घडतं.

विषबाधा सुरू होते ती बोलण्यात आणि चेहऱ्यावर. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात शिट्टी, मग अचानक जास्त बडबड किंवा सुस्ती, मग स्नायू उडणं आणि झटका. म्हणून सुईआधी शिरेत कॅन्युला, बोटाला पल्स ऑक्सिमीटर, शेजारी ऑक्सिजन आणि अँबू बॅग हवी, आणि ब्लॉक देताना रुग्णाशी बोलत राहायचं. जॉर्ज अल्ब्राइट यांनी १९७९ मध्ये ब्युपिव्हॅकेनने थांबलेली हृदयं पुन्हा सुरू होत नाहीत याकडे लक्ष वेधलं, तेव्हा हाताशी उतारा नव्हता. १९९८ मध्ये गाय वाइनबर्ग यांना उंदरांमध्ये दिसलं की शिरेतून दिलेलं स्निग्ध द्रावण हृदयाला वाचवतं, आणि २००६ मध्ये पहिला रुग्ण त्याने वाचल्याची नोंद झाली. आज २० टक्क्यांचं लिपिड किलोला १.५ मिलिलिटर पटकन आणि पुढे दर मिनिटाला किलोमागे ०.२५ मिलिलिटर असं देतात. आपल्या त्या ५० किलोच्या आजींसाठी पहिला डोस ७५ मिलिलिटरचा होतो. ती बाटली सहसा ऑपरेशन थिएटरच्या कपाटात असते, तर हिमॅटोमा ब्लॉक रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत दिला जातो. ती कुठे आहे आणि किल्ली कुणाकडे आहे, हे लिग्नोकेन सिरिंजमध्ये ओढण्याआधीच विचारून ठेवायला हवं.