‘सर्कल बॅक’ म्हणजे नेमकं काय?

ऑफिसातल्या भाषेवरच्या मीम्सचा एक ठरलेला साचा आहे. वर मीटिंगमधलं वाक्य, ‘लेट्स सर्कल बॅक’, म्हणजे ‘यावर नंतर बोलू’. खाली त्याचा खरा अर्थ, ‘हा विषय परत काढू नकोस’. असं मीम पाठवून पोटभर हसलेला माणूसही तासाभराने मीटिंगमध्ये तेच म्हणतो. त्याला ढोंगी ठरवणं मला पटत नाही, कारण तो शब्द तिथे खरंच एक काम करतो.

समजा, दहा जणांसमोर एकीने टीमसाठी आणखी दोन माणसं मागितली. बजेट नाही हे मॅनेजरला माहीत आहे. तो सरळ ‘नाही’ म्हणाला, तर तिचा चारचौघांत पाणउतारा होतो आणि तोही कठोर दिसतो. ‘सर्कल बॅक करू’ म्हटलं की मागणी फेटाळलीही जात नाही आणि मान्यही होत नाही. चारचौघांतला हा मान दोन्ही बाजू कसा सांभाळतात, यावर समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी 1955 मध्येच लिहिलं होतं. आपलं ‘बघू’ हेच काम करतं. मग नकार कुठला आणि विषय खरंच पुढे ढकलणं कुठलं? माझी खूण साधी आहे: सोबत तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव आलं, तर विषय बहुधा परत येतो.

‘सिनर्जी’ची गोष्ट वेगळी. 1965 मध्ये व्यवस्थापनतज्ज्ञ इगॉर अॅन्सॉफ यांनी ती ‘2 + 2 = 5’ अशी समजावली: दोन व्यवसाय एकत्र आले की सुट्या बेरजेपेक्षा जास्त मिळतं. पण कंपन्या विलीन होताना ‘कॉस्ट सिनर्जी’ म्हणजे बऱ्याचदा दोन पगार विभागांऐवजी एकच ठेवणं. दुसऱ्या विभागातल्या माणसांना हा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

तरीही तो शब्द आपण का उच्चारतो? ब्राउन, अॅनिसिच आणि गॅलिन्स्की या संशोधकांनी 2020 मध्ये याचा एक धागा दाखवला. एका प्रयोगात त्यांनी एमबीएच्या विद्यार्थ्यांना स्टार्टअप स्पर्धेत उतरल्याची कल्पना करायला सांगितली. काहींना सांगितलं की प्रतिस्पर्धी तुमच्याहून वरचढ आहेत, काहींना सांगितलं की ते कच्चे आहेत. मग दोन सादरीकरणांतून एक निवडायचं होतं: एक साध्या भाषेतलं, दुसरं जड शब्दांनी भरलेलं. स्वतःला खालच्या पायरीवर समजणाऱ्यांनी जड भाषा जास्त वेळा निवडली.

प्रत्येक ‘सिनर्जी’मागे हेच कारण असतं, असं यावरून म्हणता येत नाही, सवय आणि वरिष्ठांचं अनुकरणही असतंच. पण त्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांतून एक फरक दिसला. खालच्या पायरीवरच्यांना आपलं म्हणणं कळेल का, यापेक्षा ऐकणारे आपल्याला कसं जोखतील याची काळजी जास्त होती.