वार्षिक वर्गणीची आगाऊ रक्कम: उत्पन्न कधी धरावे आणि कोणते कागद ठेवावेत

सॉफ्टवेअरची वर्षभराची वर्गणी एकरकमी घेणाऱ्या छोट्या कंपन्यांचे हिशेब मार्चअखेर लेखापरीक्षकाकडून परत येतात, ते बहुधा एकाच कारणाने: जमा झालेली संपूर्ण रक्कम त्याच दिवशी उत्पन्नात दाखवलेली असते. सेवा अजून द्यायची आहे तोवर ते उत्पन्न नसून कंपनीचे ग्राहकाला असलेले देणे आहे. अर्थात, ही पद्धत हिशेब उपार्जित तत्त्वावर ठेवणाऱ्यांनाच लागू होते. रोखीच्या तत्त्वावर चालणाऱ्यांना उत्पन्नाची अशी विभागणी करावी लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. 20 नोव्हेंबर 2024 रोजी ₹60,000 चे बिल झाले, त्यावर 18 टक्के जीएसटी ₹10,800 लागला. ग्राहकाने 10 टक्के टीडीएस, म्हणजे ₹6,000, कापून त्याच दिवशी ₹64,800 भरले. सेवा मात्र 1 डिसेंबरला सुरू झाली. तेव्हा ₹60,000 ‘आगाऊ मिळालेले उत्पन्न’ या देणे-खात्यात जमा करावेत आणि डिसेंबरपासून दरमहा ₹5,000 चे जर्नल व्हाउचर करून ते वर्गणी-उत्पन्नात वळवावेत. 31 मार्च 2025 पर्यंत चार महिन्यांचे ₹20,000 उत्पन्न होते आणि उरलेले ₹40,000 ताळेबंदात चालू देण्यांत दिसतात.

कागदांत बिल आणि बँकेचा उतारा सर्वांकडे असतो. नसतो तो सेवा सुरू झाल्याचा पुरावा. बिलावर नुसते ‘वार्षिक वर्गणी’ लिहिलेले असेल, तर महिने 20 नोव्हेंबरपासून मोजायचे की 1 डिसेंबरपासून, हे लेखापरीक्षकाने कशावरून ठरवायचे? म्हणून बिलावरच ‘1 डिसेंबर 2024 ते 30 नोव्हेंबर 2025’ असा कालावधी छापावा आणि खाते सुरू केल्याचा ईमेल सोबत जपून ठेवावा. ही दोन मिनिटांची काळजी न घेतल्याने मार्चमध्ये ग्राहकाला फोन करत बसलेले हिशेबनीस मी दरवर्षी पाहतो.

जीएसटीला मात्र ही मासिक विभागणी मान्य नाही. बिल आणि पैसे दोन्ही नोव्हेंबरचे असल्यामुळे, दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला पूर्ण ₹10,800 नोव्हेंबरच्या विवरणपत्रातच दाखवावे लागतात आणि त्याची मुदत 20 डिसेंबर असते. ‘उत्पन्नच धरले नाही, तर कर कसला?’ हा प्रश्न स्वाभाविक असला, तरी त्यापायी उशीर झाला की व्याज चुकत नाही.

सर्वांत जास्त अडते ते टीडीएसपाशी. 26एएसमध्ये ₹60,000 आणि ₹6,000 हे दोन्ही आकडे 2024-25 मध्येच उमटतात, पण कापलेल्या कराचे श्रेय उत्पन्न ज्या वर्षी करपात्र होते त्या वर्षी, त्याच प्रमाणात मिळते: 2024-25 मध्ये ₹2,000, 2025-26 मध्ये ₹4,000. हे ₹4,000 2024-25 च्या प्राप्तिकर विवरणपत्रातील टीडीएसच्या तक्त्यात ‘पुढे ओढलेले’ म्हणून नोंदवावेच लागतात, कारण पुढच्या वर्षीच्या 26एएसमध्ये ते दिसणार नाहीत आणि मागची नोंद नसली की तेव्हाची मागणी तिथेच अडकते.