शेळी परत का आणावी लागते?

वाघ, शेळी आणि गवताच्या भाऱ्याचं कोडं मराठी घरांत मुलांना हमखास घातलं जातं. माणसाला तिघांना नदीपलीकडे न्यायचंय. होडीत त्याच्याबरोबर एकच नग मावतो. तो काठावर नसला की वाघ शेळीला खातो आणि शेळी गवत खाते. युरोपात हेच कोडं लांडगा, शेळी आणि कोबीचं आहे. शार्लमेनच्या दरबारातला विद्वान आल्क्विन याच्या नावावर असलेल्या एका लॅटिन संग्रहात ते सापडतं, आणि त्या संग्रहाचं सर्वांत जुनं हस्तलिखित नवव्या शतकातलं आहे.

तोंडी सोडवताना आपण एकाच जागी अडतो. आधी शेळी न्यायची, हे लगेच सुचतं. पण मग वाघ नेला तर पलीकडे शेळी त्याच्या तावडीत सापडते, आणि गवत नेलं तर शेळीच ते फस्त करते. इथे शेळीला परत आणायचं धाडस होत नाही, कारण पलीकडे पोचवलेलं माघारी आणणं म्हणजे केलेलं काम मोडणं वाटतं.

आता कागद घ्या. होडीच्या फेऱ्या विसरा आणि फक्त 'आत्ता कोण कुठे आहे' एवढंच लिहा. अशा एका स्थितीला अवस्था म्हणू. माणूस, वाघ, शेळी, गवत या चौघांपैकी प्रत्येक जण एक तर अलीकडे असतो नाही तर पलीकडे, म्हणून एकूण अवस्था २ × २ × २ × २ = १६. त्यांतल्या ६ घातक आहेत: माणूस एका काठावर आणि दुसऱ्या काठावर वाघ-शेळी, शेळी-गवत किंवा तिघंही. काठ दोन, म्हणून तिनाच्या सहा. त्या खोडल्या की उरतात १०.

प्रत्येक अवस्थेसाठी एक गोल काढा आणि अलीकडच्या काठावर कोण उरलंय ते त्यात लिहा. होडीच्या एका फेरीने ज्या दोन अवस्था एकमेकींत बदलतात त्यांचे गोल रेघेने जोडा. बरोबर १० रेघा निघतात आणि चित्र अगदी साधं दिसतं. सुरुवातीच्या गोलापासून एकच रेघ निघते, 'वाघ-गवत' या गोलाकडे. तिथून पुढे एकच वाट, 'माणूस-वाघ-गवत' इथे. या गोलापाशी वाट दुभंगते. एक फाटा 'गवत' आणि 'माणूस-शेळी-गवत' यांवरून जातो, दुसरा 'वाघ' आणि 'माणूस-वाघ-शेळी' यांवरून. दोन्ही 'शेळी' या गोलापाशी मिळतात. मधे सहा गोलांचं कडं तयार होतं. 'शेळी'पासून पुन्हा एकच वाट: 'माणूस-शेळी', आणि शेवटी रिकामा गोल.

दोन्ही फाट्यांनी मोजलं तरी सात फेऱ्या. म्हणजे सर्वांत छोटी उत्तरं दोनच, आणि ती सारखी दिसतात, कारण वाघ आणि गवत यांचं शेळीशी नातं सारखंच आहे: शेळीजवळ एकटं सोडायचं नाही. दोघांची अदलाबदल केली की एक फाटा दुसरा होतो. सहा किंवा आठ फेऱ्यांचं उत्तर कधीच मिळणार नाही, कारण प्रत्येक फेरीला माणसाचा काठ बदलतो आणि शेवटी तो पलीकडे हवा, म्हणजे फेऱ्यांची संख्या विषमच.

आता शेळीकडे परत येऊ. प्रत्येक फेरीनंतर पलीकडे किती नग आहेत ते मोजलं तर आकडे येतात १, १, २, १, २, २, ३. चौथ्या फेरीला आकडा घसरतो. तीच शेळी परत आणण्याची फेरी. पण चित्रात पाहा: त्या फेरीने आपण सुरुवातीपासून एक रेघ आणखी लांब जातो आणि शेवटाच्या एक रेघ जवळ येतो. आपण नग मोजत होतो आणि चित्र फेऱ्या मोजतं. फसगत होते ती या दोन मापांमुळे.

चित्राचा खरा कस मात्र कोडं सुटत नाही तेव्हा लागतो. समजा एक नवी अट घातली: वाघ कुठल्याही काठावर अगदी एकटा राहिला की जंगलात पळून जातो. तोंडी करत बसलात तर तासभर फेऱ्या माराल आणि तरी 'अजून एखादी युक्ती राहिली असेल' ही शंका जाणार नाही. चित्रात फक्त दोन गोल खोडायचे. एक 'वाघ', आणि दुसरा 'माणूस-शेळी-गवत', कारण त्या वेळी पलीकडे वाघ एकटा असतो. पहिला गोल एका फाट्यावर आहे, दुसरा दुसऱ्या फाट्यावर. दोन्ही वाटा तुटतात. उरलेल्या आठ गोलांची चार-चारांची दोन बेटं होतात, एकात सुरुवात आणि दुसऱ्यात शेवट, आणि मधे एकही रेघ नाही. सुरुवातीपासून जिथे जिथे पोचता येतं ते चारही गोल आपण पाहिलेत. पाचवा नाहीच.