पाळीचं दुखणं: आयबुप्रोफेन की पॅरासिटामॉल?

घरातल्या औषधांच्या डब्यात या दोन पट्ट्या शेजारी असतात, आणि कळ आली की हाताला लागेल ती गोळी घेतली जाते.

पाळीत गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन तयार होतं, त्यामुळे गर्भाशय आवळतं आणि कळ येते. आयबुप्रोफेन ते तयार होणंच अडवतं. मेडिकलवाले पाळीसाठी देतात ते मेफेनॅमिक अ‍ॅसिड त्याच कुळातलं. पॅरासिटामॉलचा जोर मुख्यतः मेंदूकडच्या वेदनेवर असतो, म्हणून पाळीत बहुतेकींना त्याचा गुण कमी येतो.

वेळेचं गणितही इथेच सुटतं. एकदा तयार झालेलं प्रोस्टाग्लँडिन आयबुप्रोफेनने काढून टाकता येत नाही. 'सहन होईना तेव्हाच घेईन' म्हणणारीला म्हणूनच गोळी लागू पडत नाही असं वाटतं. समजा, सकाळी 7 ला पाळी आली. पोहे खाऊन 8 ला 400 मिलिग्रॅम, दुपारी 3 ला दुसरी, रात्री 10 ला तिसरी, प्रत्येक वेळी पोटात काहीतरी असताना. 1200 मिलिग्रॅम झाले. डॉक्टरांना न विचारता प्रौढ बाईने दिवसात घ्यायची मर्यादा एवढीच. असं पहिले दोन-तीन दिवस पुरतं.

मध्येच दुखलं तर 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल चालतं, मेफेनॅमिक नाही. ते त्याच कुळातलं, म्हणजे धोका दुप्पट. पट्टीवरचं बारीक अक्षर जरूर वाचा, कारण कित्येक गोळ्यांत आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्रच असतात. पॅरासिटामॉल दिवसाला 4 ग्रॅमच्या वर कधीच नाही. वजन 50 किलोच्या आत असेल किंवा यकृताचा आजार असेल तर मर्यादा आणखी खाली, डॉक्टरांना विचारूनच.

गंमत अशी की कळ आणणारं हेच द्रव्य जठराचं अस्तर राखतं आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवतं. म्हणून पोटात अल्सर असेल किंवा कधी रक्तस्राव झाला असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक दोन्ही वर्ज्य. अशा गोळ्यांनी दमा उठत असेल किंवा दिवस गेल्याची शक्यता असेल, तरीही. रक्त पातळ करणारं औषध किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टर. यांच्यासाठी सहसा पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याची पिशवी.

एक गोष्ट सहज निसटते. पाळीत काहींना उलट्या-जुलाब होतात, काहींचा त्याच दिवशी निर्जळी उपवास असतो. शरीरातलं पाणी घटलेलं असताना आयबुप्रोफेन घेतलं तर धडधाकट मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. आधी पाणी, ओआरएस पोटात टिकू द्या, तोवर ती पट्टी बाजूला. डांबरासारखी काळी शी, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी किंवा लघवी एकदम कमी झाली, तर गोळी बंद करून तडक दवाखाना गाठायचा.