ट्रायलनंतरचा पाठपुरावा (मोटार वायंडिंग)

मोटार वायंडिंगच्या दुकानात नवा कारागीर ठेवण्याआधी मालक त्याला एक दिवस रोजीवर बोलावून त्याचा हात पाहतो. त्या दिवसानंतर कारागीर मालकाला पुन्हा भेटतो किंवा फोन करतो, त्याला ट्रायलनंतरचा पाठपुरावा म्हणतात. विदर्भाच्या ग्रामीण भागात, विशेषतः वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या संत्रापट्ट्यात, शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरणारी अशी दुकाने तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावी असतात.

इतर धंद्यांत ट्रायलचा निकाल त्याच संध्याकाळी लागतो. वेल्डरचा टाका किंवा सुताराची चौकट डोळ्यांसमोर असते. वायंडिंगचे तसे नाही. दिवसभरात जळकी तार काढणे, तार बसते त्या खाचा म्हणजे स्लॉट साफ करून पेपर घालणे, फर्म्यावर कॉइली काढून त्या भरणे आणि जोडणी करणे एवढेच जेमतेम होते. मग वार्निश. हवेवर सुकणाऱ्या वार्निशला एक रात्र तरी लागते आणि दमट हवेत त्याहून जास्त. त्यानंतर बेअरिंग, फिटिंग, टेस्टिंग आणि शेवटी शेतकऱ्याच्या विहिरीवर प्रत्यक्ष चालणे. म्हणजे कारागीर घरी जातो तेव्हा त्याचे काम चांगले की वाईट हे मालकालाही ठाऊक नसते. म्हणून पाठपुरावा दुसऱ्याच सकाळी न करता तिसऱ्या दिवशी करतात, आणि त्याचा पहिला प्रश्न कामावर ठेवण्याचा नसून मोटारीचा असतो.

ट्रायलची रोजी मात्र त्याच संध्याकाळी घ्यायची असते. ती राहिली असेल तर आधी तेवढीच मागावी. थकलेली रोजी आणि कामाची विचारणा एकाच दमात केली की मालक दोन्ही पुढे ढकलतो.

फोनपेक्षा निरोप बरा, कारण सकाळी दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी असते आणि बाजाराच्या दिवशी तर मोटारी बैलगाडी-छोटा हत्तीतून उतरतच असतात. निरोप साधारण असा असतो: ‘भाऊ, नमस्कार. मी सोमवारी ट्रायलला आलो होतो. पाच एचपीच्या मोनोब्लॉकची वार्निश सुकून फिटिंग झाली असंन तर नो-लोडला तिन्ही फेजचे अँपिअर किती आले ते सांगा. उद्या चारनंतर दुकानावर येतो, काही फरक असला तर माझ्या हातानं पाहून देतो.’ यात कोणती मोटार, काय विचारायचे आहे आणि कधी येणार हे तिन्ही आले. ‘भाऊ, माझं काय झालं?’ एवढ्याच निरोपाला बहुधा उत्तर येत नाही.

भेटीत काय पाहायचे, हे एका मोटारीवरून समजते. समजा 24 स्लॉटची, दोन पोलची, पाच एचपीची मोटार भरली. प्रत्येक फेजला चार कॉइली, दोन-दोनच्या दोन जोड्यांत, 1–12 आणि 2–11 अशा स्लॉटांत बसवलेल्या. अशी मोटार भाराखाली साधारण साडेसात अँपिअर घेते, तर रिकामी फिरताना तीनच्या आसपास. मालक म्हणतो, दोन फेजला तीन आले आणि एकाला चार. इथे लगेच ‘लाइनच खराब आहे’ म्हणणारा कारागीर तोंडघशी पडतो, आणि लगेच चूक कबूल करणाराही. तपासणी पाच मिनिटांची आहे. मेन बंद करून मोटारीच्या तिन्ही वायरी एक-एक घर पुढे सरकवाव्यात. तिन्ही सरकल्यामुळे फिरण्याची दिशा बदलत नाही. पुन्हा क्लॅम्प मीटर लावावे. चार अँपिअर लाइनच्या त्याच फेजवर राहिले तर दोष पुरवठ्याच्या व्होल्टेजमध्ये आहे. ते मोटारीच्या त्याच वायरीबरोबर सरकले तर दोष वायंडिंगमध्ये आहे: एखाद्या कॉइलीत फेरे कमी पडले, किंवा भरताना तारेवरचे इनॅमल खरवडून फेऱ्याला फेरा टेकला. कॉइल उलटी जोडली असेल तर फरक एवढा लहान राहत नाही; मोटार गुरगुरते आणि तिला नीट वेग येत नाही.

दोष वायंडिंगचा निघाला तर ती कॉइल बदलून देण्याची तयारी तिथेच सांगावी. वार्निश लागून कडक झालेली एक कॉइल काढताना शेजारच्या दोन दुखावतात, त्यामुळे जोडीच काढावी लागू शकते, हेही सांगावे.

याहून अवघड प्रसंग म्हणजे मोटार शेतावर जाऊन आठ दिवसांत जळून परत येणे. पाच एचपीला दोन-तीन किलो तांबे लागते, आणि ते कोणाच्या खिशातून, हा वाद कारागिराच्या गळ्यात येतो. त्याने बोलण्याआधी मोटार उघडून डोळ्यांनी पाहावी. तिन्ही फेज सारख्या करपल्या असतील तर कमी व्होल्टेजवर किंवा जाम पंपावर ओढलेली मोटार समजावी. स्टार जोडणीत दोन फेज काळ्या आणि तिसरी नवीकोरी, किंवा डेल्टात एकच फेज काळी आणि दोन चांगल्या, हे एक फेज गेल्यावरही मोटार चालू राहिल्याचे लक्षण. स्टार्टरला वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो लावून, जादा प्रवाहात ती बंद करणारा ओव्हरलोड रिले बायपास केला की हे हमखास होते. पण बाकी वायंडिंग स्वच्छ असून एकाच जागी तांबे वितळले असेल, विशेषतः स्लॉटच्या तोंडाशी पेपर फाटला असेल, तर तो भरणाऱ्याचाच दोष. तो मान्य करून मजुरी न घेता पुन्हा भरून देणारा कारागीर सहसा कामावर राहतो.

मजुरीचे बोलणे या तपासणीनंतर होते. दोन पद्धती आहेत: हजेरी आणि एचपीवर. समजा हजेरी 600 रुपये आणि महिन्याचे 26 दिवस, तर 15,600 मिळतात. एचपीमागे 150 ठरले आणि रब्बीच्या ओलिताच्या महिन्यात पाच एचपीच्या 26 मोटारी भरल्या, तर 19,500. पण पावसाळ्यात पंप बंद असतात. महिन्याला सहाच मोटारी आल्या तर 4,500 वर भागवावे लागते. मालकाला एचपीचा दर सोयीचा वाटतो तो यामुळेच. म्हणून जाणते कारागीर पावसाळ्यासाठी कमी का होईना हजेरी आणि हंगामात एचपीवर, असा मेळ मागतात. उचल घ्यायची असेल तर ती कशी फिटेल हेही याच वेळी ठरवतात. परत आलेल्या मोटारीचे तांबे कोणाचे, हा मुद्दा तोंडी सोडला तर पुढे हमखास भांडण होते.

मालकाने ‘पाहू’ म्हटले तर आठवड्याने एकदा विचारावे, त्यापुढे नाही. दुकानात काम नसल्याने थांबलेला मालक हंगाम सुरू होताच स्वतः फोन करतो.

पाठपुरावा बिघडवणारी एक गोष्ट ट्रायलच्या दिवशीच घडलेली असते. स्लॉट, पिच, फेरे, गेज आणि तांब्याचे वजन लिहिलेले डेटा रजिस्टर ही दुकानाची अनेक वर्षांची कमाई. भरलेल्या मोटारीचा डेटा कारागिराने स्वतःच्या वहीत टिपणे बरेच मालक चालवून घेतात. रजिस्टरच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढलेले दिसले, तर अँपिअर कितीही सारखे आले तरी निरोपाला उत्तर येत नाही.