नव्या लॉटमुळे सरकलेले कंट्रोल : रिएजंट पुरवठादाराला तक्रारपत्र

रिएजंटचा, म्हणजे चाचणीच्या रसायनाचा, नवा लॉट म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेला नवा गट सुरू केल्यावर रोजच्या कंट्रोलची मूल्ये एकाच बाजूला सरकली आणि तिथेच राहिली, तर वैद्यकीय प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकाने पुरवठादाराला लिहायचे पत्र. गोव्यात ते बहुधा मडगाव किंवा पणजीच्या डीलरला जाते आणि त्याची प्रत कंपनीच्या तांत्रिक विभागाला. कंपनीचे तांत्रिक कार्यालय राज्याबाहेर असल्याने पत्र इंग्रजीत टाइप होते, पण त्यामागची चर्चा टेबलाशी मराठी-कोंकणीतच चालते. पत्राची ताकद त्याच्या भाषेत नसते. लिहिण्याआधी दोन दिवस काय काय तपासले, त्यावर ते टिकते किंवा पडते.

कंट्रोल म्हणजे घटकांचे प्रमाण ठाऊक असलेला, बहुधा गोठवून सुकवलेला सिरम. तो रुग्णांच्या नमुन्यांबरोबर रोज मशीनवर चालवतात, साधारणपणे दोन पातळ्यांचा, एक नॉर्मल आणि एक असामान्य. आलेली मूल्ये लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये प्रयोगशाळांसाठी सुचवलेल्या आलेखावर मांडतात. मधली रेघ म्हणजे सरासरी, वर-खाली एक, दोन, तीन एसडीच्या रेघा. एसडी म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, मूल्ये सरासरीभोवती किती विखुरतात त्याचे माप. ठिपके दोन्ही बाजूंना विखुरलेले असले की कारभार ठीक. वेस्टगार्ड यांच्या १९८१ च्या नियमांप्रमाणे एक ठिपका तीन एसडीबाहेर गेला, किंवा लागोपाठ दोन ठिपके एकाच बाजूला दोन एसडीबाहेर गेले, तर त्या दिवसाचे रिपोर्ट थांबवावेत. लॉट बदलल्याचा सरकाव आलेखावर लगेच ओळखू येतो: नव्या बाटलीच्या दिवसापासून सगळे ठिपके एक पायरी चढतात किंवा उतरतात. विखुरणे मात्र पूर्वीइतकेच राहते.

इथेच बहुतेक तक्रारी फसतात. कंट्रोल सरकला म्हणून रुग्णांचे निकालही सरकलेच, असे नसते. कंट्रोल हे प्रक्रिया केलेले द्रव्य आहे. त्यात टिकाऊपणासाठी घातलेले पदार्थ असतात, काही घटक प्राण्यांपासून घेतलेले असतात. रिएजंटच्या घडणीत कंपनीने बारीक बदल केला, तर या परक्या द्रव्याची प्रतिक्रिया बदलते आणि माणसाच्या ताज्या सिरमची बदलत नाही. हार्मोनच्या चाचण्यांत हे वरचेवर दिसते. याच्या उलटही घडते: कंट्रोल जागेवर आणि रुग्णांचे निकाल सरकलेले. म्हणून पत्रातला मुख्य पुरावा कंट्रोल नव्हे. तेच रुग्णनमुने जुन्या आणि नव्या दोन्ही लॉटवर चालवून आलेला फरक हा खरा पुरावा. रुग्णांत फरक नसेल, तर तक्रार करायचे कारण उरत नाही. नव्या लॉटवर कंट्रोलची सरासरी नव्याने काढायची, नोंद करायची आणि पुरवठादाराला माहितीपुरते कळवायचे.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. फोंड्यातली एक मध्यम प्रयोगशाळा कल्पावी. चाचणी सिरम कॅल्शियमची, पद्धत आर्सेनाझो-३. हा रंगद्रव्याचा रेणू कॅल्शियमला धरतो आणि निळसर-जांभळा रंग येतो. रंग जितका गडद तितके कॅल्शियम जास्त. पहिल्या कंट्रोलची जुनी सरासरी ९.० मिग्रॅ. प्रति डेसिलिटर, एसडी ०.१५. दुसऱ्याची सरासरी १२.६, एसडी ०.२०. नव्या लॉटवर पाच वेगवेगळ्या फेऱ्यांत पहिला सरासरी ९.४५ आला आणि दुसरा १३.२. दोन्ही बरोबर तीन एसडी वर, म्हणजे जवळपास पाच टक्के.

दोन्ही पातळ्या टक्क्यांत सारख्याच वाढल्या, ही गोष्ट बरेच सांगून जाते. बाटलीत किंवा पाण्यात कॅल्शियम मिसळले असते, तर दोन्ही पातळ्यांवर साधारण सारखाच आकडा वाढला असता, पहिलीवर अर्धा आणि दुसरीवरही अर्धा. टक्क्यांत सारखी वाढ झाली की बोट कॅलिब्रेशनकडे जाते, म्हणजे कॅलिब्रेटर या ठाऊक मूल्याच्या द्रवावरून मशीनचे मोजमाप जुळवण्याकडे. म्हणून पुरवठादाराला फोन लावण्याआधी कॅलिब्रेटरचा कागद काढावा. कॅलिब्रेटरच्या प्रत्येक लॉटला वेगळे मूल्य नेमलेले असते. नवा कॅलिब्रेटर वापरून मशीनमध्ये जुन्याच लॉटचे मूल्य राहिले, तर हुबेहूब असाच सरकाव येतो आणि दोष आपल्याच घरात सापडतो. नवा रिएजंट लावून कॅलिब्रेशनच केले नाही, हेही घडते.

फोंड्याच्या उदाहरणात कॅलिब्रेटर जुनाच आहे, मूल्य बरोबर भरलेले आहे आणि दोन्ही लॉट त्याच्यावरच नव्याने कॅलिब्रेट केलेले आहेत. त्याच कंट्रोलच्या कुपीतून ग्लुकोज, क्रिएटिनिन, प्रोटीन जागेवर येतात, म्हणजे कुपीत पाणी घालताना पिपेट चुकलेले नाही. राहिला जुना लॉट. त्याची मशीनवरची बाटली बरेच दिवस उघडी असेल, तर तिच्यातून पाणी उडालेले असते. कधीकधी नवा लॉट बरोबर असतो आणि सरकलेला असतो जुनाच, हळूहळू, त्यामुळे आलेखावर कोणाच्या नजरेत न आलेला. म्हणून तुलना जुन्या लॉटच्या न उघडलेल्या बाटलीशी करावी. जुन्याची शेवटची एक बाटली राखून न ठेवता नवा खोका फोडणारी प्रयोगशाळा हा पुरावा स्वतःच गमावते.

मग रुग्णनमुने. वीस सिरम, त्याच दिवसाचे, दोन्ही लॉटवर तासाभरात. सगळे नॉर्मल घेऊन भागत नाही. कमी मूल्यासाठी डायलिसिसचे रुग्ण उपयोगी पडतात, जास्त मूल्याचे नमुने छोट्या शहरात आठवडाभर साठवावे लागतात. ईडीटीएच्या नळीतला नमुना चुकूनही नको, कारण रक्त गोठू नये म्हणून नळीत घातलेले हे रसायन कॅल्शियम बांधून टाकते. उदाहरणात विसाचे वीस नमुने नव्या लॉटवर वर आले: ७.२ चा ७.५५, ९.९ चा १०.४, १२.४ चा १३.०. सरासरी वाढ पावणेपाच टक्के. निरोगी माणसाचे कॅल्शियम दिवसागणिक दोनेक टक्केच हलते, तेव्हा हा फरक दुर्लक्षून चालत नाही. ९.९ चा १०.४ झालेला रुग्ण १०.२ ची वरची मर्यादा ओलांडतो आणि विनाकारण पॅराथायरॉइडच्या तपासण्यांकडे पाठवला जातो. फरक एखाद-दीड टक्क्याचा असता, तर वीस नमुन्यांवरून ठाम काही बोलता आले नसते.

आता पत्राचा मसुदा. त्याचा गाभा असा असतो:

«महोदय, आपल्याकडून आलेल्या कॅल्शियम (आर्सेनाझो-३) रिएजंटच्या नव्या लॉटबाबत. लॉट क्रमांक, एक्स्पायरी, मालपावती क्रमांक व पोचल्याची वेळ सोबतच्या तक्त्यात दिली आहे. खोका उघडताना आतले तापमान नोंदवलेले असून कागद जोडला आहे. दोन्ही लॉट एकाच कॅलिब्रेटरवर, एकाच दिवशी कॅलिब्रेट केले. दोन्ही कंट्रोल +३ एसडी सरकले. वीस रुग्णनमुन्यांत सरासरी +४.८ टक्के फरक, सर्व नमुने एकाच दिशेला. जुन्या लॉटची बाटली तुलनेच्या दिवशीच उघडली. या लॉटवर आम्ही एकही रिपोर्ट दिलेला नाही. कृपया (१) कारखान्यात राखून ठेवलेल्या नमुन्यावर हा लॉट तपासून लेखी निष्कर्ष कळवावा, (२) दुसऱ्या लॉटचा माल बदलून द्यावा, (३) तोवर जुन्या लॉटचे किट शिल्लक असल्यास पाठवावे. न उघडलेल्या दोन बाटल्या आपल्या तपासणीसाठी राखून ठेवल्या आहेत.»

यात ‘निकृष्ट माल’ हा शब्द कुठेही नाही, आणि तो नसावा. «या लॉटवर एकही रिपोर्ट दिलेला नाही» हे वाक्य खरे असेल तरच लिहावे. रिपोर्ट गेले असतील, तर किती आणि कोणत्या तारखांचे ते लिहून त्या रुग्णांचे राखलेले सिरम पुन्हा तपासावे लागते.

पुरवठादाराचे पहिले उत्तर ठरलेले असते: «कंट्रोल इन्सर्टच्या रेंजमध्ये आहे.» कंट्रोलसोबत येणाऱ्या कागदावर ८.१ ते ९.९ असा रुंद पट्टा छापलेला असतो आणि ९.४५ त्यात आरामात बसते. पण तो पट्टा अनेक प्रयोगशाळा आणि अनेक मशीन धरून बनवलेला असतो. एका मशीनचा स्वतःचा पट्टा त्याच्या निम्माच असतो आणि सरकाव त्यावरच मोजायचा. इन्सर्टच्या रेंजवर कंट्रोल बघणाऱ्या प्रयोगशाळेला हा पाच टक्क्यांचा फरक कधी दिसतच नाही. मला विचाराल तर गोव्यात अशा तक्रारी कमी होण्याचे कारण चांगला माल नसून हेच असावे. दुसरे उत्तर, «बाकी कोणाची तक्रार नाही.» यावर वाद घालण्यापेक्षा तोच लॉट वापरणाऱ्या म्हापशाच्या किंवा वास्कोच्या ओळखीच्या प्रयोगशाळेला फोन करावा.

त्या फोनाचा आणखी एक उपयोग. गोव्यात माल मुंबईहून किंवा बेंगळुरूहून थर्माकोलच्या खोक्यात, जेल-पॅक घालून येतो. वाटेत चवथीच्या सुट्ट्या लागल्या की खोका कुरिअरच्या गोदामात दोन-तीन दिवस पडून राहतो आणि २ ते ८ अंशांत ठेवायचा रिएजंट तीस अंशांवर बसतो. म्हापशात तोच लॉट वेगळ्या खेपेने आलेला असून तिथेही पाच टक्के वर असेल, तर दोष लॉटचा. तिथे जागेवर असेल, तर दोष प्रवासाचा. मग तक्रार कारखान्याकडे न करता डीलरच्या शीतसाखळीवर करायची आणि त्याच लॉटची दुसरी पेटी मागायची. यासाठीच खोका उघडण्याच्या क्षणी थर्मामीटर आत घालून आकडा लिहून ठेवतात. हा आकडा नंतर मिळवता येत नाही.

वैद्यकीय प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १५१८९ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीनुसार रिएजंटचा नवा लॉट वापरात आणण्याआधी पडताळावा लागतो आणि रिएजंटमुळे घडलेल्या अनिष्ट घटनांची चौकशी करून त्या उत्पादकाला किंवा पुरवठादाराला कळवाव्या लागतात. त्यामुळे प्रयोगशाळांना मानांकन देणाऱ्या एनएबीएल या संस्थेचे मानांकन असलेल्या प्रयोगशाळेत या पत्राची प्रत परीक्षक मागू शकतो. निदानाचे रिएजंट भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली येतात. चुकीच्या निकालामुळे रुग्णाला इजा झाली किंवा होण्याजोगी होती, तर वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद ठेवण्यासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडेही नोंद करता येते. त्याचे समन्वय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. रुग्णापर्यंत न पोचलेल्या पाच टक्क्यांच्या सरकावासाठी तिथे जाण्याची गरज सहसा पडत नाही. तो पुरवठादाराशीच मिटतो.

बदली माल आला की त्याच वीस सिरमांपैकी उरलेले चालवतात. ते संपले असतील तर ताजे घेतात. कॅल्शियमसाठी सिरम गोठवून ठेवले तरी चालते, म्हणून पहिल्या तुलनेच्या दिवशीच प्रत्येकाचा अर्धा मिलिलिटर बाजूला काढून उणे २० अंशांवर ठेवतात. बदली लॉट जुन्याशी जुळला की तक्रार बंद करतात. पुरवठादाराचा लेखी निष्कर्ष मात्र अनेकदा त्यानंतर महिन्याभराने येतो, आणि कधीकधी त्यात एवढेच असते की राखलेला नमुना ठरलेल्या मर्यादेत आहे. अशा वेळी ती मर्यादा किती टक्क्यांची होती, हे विचारणारे दुसरे, दोन ओळींचे पत्र लिहितात.